बाखचे दोन ताल आणि इझाईचा सोनाटा: एका कार्यक्रम-टिपणाचा प्रकरण अभ्यास

प्रकरण थोडक्यात असं. निपाणीची एक विद्यार्थिनी बेळगावात व्हायोलिन शिकते. डिसेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी कॅम्प भागातल्या शाळेच्या सभागृहात तिचं एकल वादन ठरलं. खुर्च्या ऐंशी. कार्यक्रमात दोनच रचना आहेत. पहिली योहान सेबास्टियन बाखची ई मेजरमधली तिसरी पार्टिता, बाखच्या रचनांच्या सूचीत बी.डब्ल्यू.व्ही. १००६, आणि दुसरी यूजेन इझाईचा ए मायनरमधला दुसरा सोनाटा, ओपस २७. दोन्ही निव्वळ व्हायोलिनसाठी आहेत, साथीला पियानो नाही. चांगला पियानो मिळवणं आणि तो सुरात ठेवणं ज्या गावात सोपं नाही, तिथे ही निवड सोयीचीही होती.

श्रोत्यांमध्ये चर्चच्या गायनवृंदातली चार-सहा माणसं, शाळेतली मुलं आणि त्यांचे पालक असणार होते. उरलेले बहुतेक हिंदुस्थानी संगीत ऐकणारे. काहींना मराठी सोयीची, काहींना कन्नड. या लोकांच्या हातात द्यायचं टिपण विद्यार्थिनीने स्वतः लिहायचं होतं. पहिला मसुदा सुमारे नऊशे शब्दांचा झाला आणि छापलं गेलेलं टिपण त्याच्या जेमतेम तिसऱ्या भागाचं. मधल्या काळात काय काय बदललं आणि का, तेवढंच इथे मांडलं आहे.

पहिला मसुदा

मसुद्याचं पहिलं वाक्य होतं, ‘बाख यांचा जन्म १६८५ मध्ये आयझेनाख येथे एका संगीतकार घराण्यात झाला.’ त्यापुढे दीड परिच्छेद चरित्र. मग, पार्टिता हा स्वीटचाच प्रकार म्हणून, स्वीट म्हणजे काय याची व्याख्या: आलमांद, कूरांत, साराबांद आणि जीग या चार नृत्यांची माळ. पुढे ‘सोनाटा’ या शब्दाखाली सोनाटा फॉर्मचं वर्णन, म्हणजे दोन विषय, त्यांचा विस्तार आणि पुनरागमन. शेवटी इझाईचं चरित्र, आणि त्याच्या सोनाटात दिएस इरे या जुन्या धूनचा वापर केला आहे असं एक वाक्य.

यातलं एकही विधान स्वतंत्रपणे पाहिलं तर फारसं चूक नाही. घोटाळा वेगळाच होता. शिक्षकांनी व्याख्येवर पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाले, “अगं, व्याख्या बरोबर आहे की, पण तू वाजवतेस ते हे नव्हेच. तुझ्या पार्टितात साराबांद कुठाय, दाखव बघू.”

तिने पानं उलटली. “नाही सर, लूर आहे.”

“आणि आलमांद?”

“तीही नाही.”

तिसऱ्या पार्टितात प्रिल्यूडिओ, लूर, गावोत आं राँदो, दोन मेन्युए, बूरे आणि जीग असे भाग येतात. पुस्तकी चौकडीतला फक्त जीग इथे आहे. हातातला कागद ‘आता साराबांद येईल’ असं सांगत असेल आणि ती येतच नसेल, तर श्रोता वाट पाहत राहतो, आणि शेवटी आपल्यालाच काही कळलं नाही असं समजून ऐकणं सोडून देतो. गंमत म्हणजे साराबांद या कार्यक्रमात आहे, पण ती सोनाटात. इझाईच्या तिसऱ्या भागाचं नावच ‘दाँस देझ ओंब्र’, छायांचं नृत्य, आणि त्याखाली लिहिलेलं आहे: साराबांद.

सोनाटा फॉर्मचंही तसंच. इझाईच्या या चार भागांत दोन विषय आणि त्यांचा विस्तार शोधत बसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. इथे ‘सोनाटा’ हा शब्द बाखच्या काळातल्या ढिल्या अर्थाने आला आहे, म्हणजे अनेक भागांची एक वाद्यरचना. म्हणून व्याख्या दोन्हीकडच्या काढल्या. रचनेच्या नावाची व्याख्या द्यायची की नाही हे एका साध्या कसोटीवर ठरवता येतं. व्याख्येतला प्रत्येक शब्द समोरच्या स्वरलिपीत बोट ठेवून दाखवता आला पाहिजे. नाही आला तर ती व्याख्या दुसऱ्या कुठल्या तरी कार्यक्रमाची आहे.

आणखी एक वाक्य असंच गळालं. मसुद्यात लिहिलं होतं की बाखने हे संगीत पत्नीच्या निधनाच्या दुःखात रचलं. तारखा शेजारी ठेवल्या की मोह होतो खरा. एकल व्हायोलिनच्या सहा रचनांच्या बाखच्या हस्तलिखितावर १७२० हे साल आहे, आणि त्याची पहिली पत्नी मारिया बार्बरा हिचं निधन त्याच वर्षीच्या जुलैत झालं. पण हस्तलिखितावरचं साल स्वच्छ प्रत केल्याचं आहे, प्रत्येक रचना कधी सुचली याचं नव्हे. शिवाय ज्या पार्टितात एकामागून एक हलकी नृत्यं येतात, तिच्यावर हा शोक लादला तर श्रोता गावोतमध्येही रडू शोधायला लागेल.

उलट्या क्रमाने लिहिणं

दुरुस्त्या करूनही मसुदा नीट बसेना, कारण तो दोन सुट्या टिपणांचा होता: आधी बाख, मग इझाई. या जोडीचं टिपण सोनाटापासून मागे लिहावं लागतं, आणि त्याचं कारण स्वरलिपीतच आहे.

इझाईचा हा सोनाटा १९२३ चा. योझेफ सिगेटीने वाजवलेला बाखचा जी मायनर सोनाटा ऐकून त्याला एकल व्हायोलिनसाठी सहा सोनाटे लिहायची प्रेरणा झाली, आणि प्रत्येक सोनाटा त्याने एकेका व्हायोलिनवादकाला अर्पण केला. दुसरा झाक तिबोला. त्याच्या पहिल्या भागाचं नाव ‘ऑब्सेशन’, म्हणजे डोक्यात घर करून बसलेली गोष्ट. हा भाग बाखच्या ई मेजर प्रिल्यूडिओच्या पहिल्या दोन तालांनी, म्हणजे स्वरलिपीत उभ्या रेघांनी पाडलेल्या पहिल्या दोन घरांनी, सुरू होतो. ते ताल त्याच स्वरांवर, जसेच्या तसे, हलक्या हाताने येतात. मग क्षणभर शांतता आणि त्यावर एकदम जोराचा, चिडल्यासारखा प्रहार. पुन्हा बाखचा तुकडा, पुन्हा प्रहार. पुढे तो तुकडा मोडून, वळवून, दुसऱ्या स्वरांवर फेकून परत परत येतो, आणि त्यातच दिएस इरेची धून मिसळते.

म्हणजे सोनाटाच्या पहिल्या दहा सेकंदांत काय चाललं आहे हे कळायला श्रोत्याने बाखचे ते दोन ताल नुकतेच ऐकलेले तर हवेतच, शिवाय ओळखीचे म्हणून कानात ठेवलेले हवेत. बाखवरच्या टिपणाचं मुख्य काम एवढंच. पार्टिताबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण या कार्यक्रमात तिची सुरुवात लक्षात राहणं महत्त्वाचं.

हे ठरल्यावर आणखी एक गोष्ट उघडी पडली. आधीच्या आखणीत दोन रचनांच्या मध्ये पंधरा मिनिटांचं मध्यंतर होतं, चहासकट. वेळ मांडून पाहिली. प्रिल्यूडिओला साडेतीन ते चार मिनिटं लागतात. सगळी आवर्तनं, म्हणजे स्वरलिपीत सांगितलेल्या पुनरावृत्त्या, घेतली तर पूर्ण पार्टिता सतरा ते एकोणीस मिनिटांची होते. म्हणजे प्रिल्यूडिओ संपल्यापासून इझाईपर्यंत तशीही तेरा-पंधरा मिनिटं जातात. त्यात चहाची पंधरा मिनिटं घातली तर ऐकलेले दोन ताल कपाच्या खणखणाटात विरून जाणार. इझाईचे चारही भाग मिळून बारा-तेरा मिनिटांचे. मध्यंतर काढून फक्त व्हायोलिन सुरात लावण्यापुरती दोन मिनिटं ठेवली, तर सगळं पस्तीस मिनिटांत आटोपतं. विद्यार्थ्याच्या वादनाला एवढी लांबी पुरे. चहा शेवटी ठेवला. टिपणाचं लेखन कधी कधी कार्यक्रमाच्या आखणीतली चूक दाखवून देतं ते असं.

स्वर शब्दांत कसे सांगायचे

ज्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नाही त्यांना दोन ताल ‘ओळखीचे’ कसे करायचे? स्वरलिपीचं चित्र छापून उपयोग नव्हता. पण सीमाभागातल्या या श्रोत्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरात पेटी आहे आणि कानात सरगम आहे. ई हा सा धरला तर प्रिल्यूडिओची सुरुवात अशी होते: वरचा सा, नि, सा, प, ग, प, आणि खाली मधला सा. सगळे स्वर शुद्ध. एवढं वाचून पेटीवर वाजवून पाहता येतं, निदान मनात गुणगुणता येतं.

इथे विद्यार्थिनीने उत्साहाने पुढचं वाक्य जोडलं होतं: ‘म्हणजे ही रचना बिलावल थाटातली आहे.’ ते काढलं. सुरुवातीच्या तालांपुरतं ते खोटं नाही, पण प्रिल्यूडिओ पुढे सी शार्प मायनरकडे आणि इतरत्र जातो. आपल्या भाषेत सांगायचं तर सा जागचा हलतो. बिलावल म्हणून ऐकायला बसलेल्याला तिथे वादक बेसूर झाल्यासारखं वाटेल. सरगम इथे पत्ता सांगण्यापुरती वापरायची, राग ठरवण्यासाठी नाही.

दिएस इरेची गोष्ट जास्त नाजूक. ही मृतांसाठीच्या मिस्सेतली मध्ययुगीन धून. शब्दांचा अर्थ ‘क्रोधाचा दिवस’, म्हणजे अंतिम निवाड्याचा दिवस. विसाव्या शतकाच्या साठच्या दशकाअखेरीस कॅथलिक उपासनेत जे बदल झाले, त्यांत मृतांच्या मिस्सेतून ती वगळली गेली. त्यामुळे कॅम्पातल्या सत्तरीपुढच्या एखाद्या आजीच्या ती ओळखीची असेल, नातवाच्या नसेल. तिची पहिली ओळ सरगममध्ये अशी: कोमल ग, रे, कोमल ग, सा, रे, खालचा कोमल नि, सा, सा. आठ स्वर, सगळे शेजारी शेजारी, कुठेही मोठी उडी नाही. म्हणून ती पटकन पाठ होते.

कोमलाची आडवी रेघ आणि खालच्या सप्तकाचं टिंब मुद्दाम वापरलं नाही. छपाईवाल्याकडे मजकूर एका फाँटातून दुसऱ्यात गेला की या खुणा आधी गळतात. मग कोमल ग शुद्ध छापला जातो आणि मातमाची धून एकदम हसरी होते. ‘कोमल’ आणि ‘खालचा’ हे शब्दच लिहिले.

आता ही धून श्रोत्याने कुठे ऐकायची? मसुद्यात लिहिलं होतं, ‘पहिल्याच भागात दिएस इरे ऐकू येते.’ तालमीच्या वेळी संगीताशी फारसा संबंध नसलेल्या दोन जणांना ती आठ स्वरांची ओळ वाचायला दिली आणि ऐकू आली की हात वर करा असं सांगितलं. पहिल्या भागात दोन्ही हात खालीच. ते स्वाभाविकही होतं. ऑब्सेशनमध्ये ती धून वेगाने धावणाऱ्या स्वरांच्या आत गुंडाळलेली असते. प्रत्येक धुनेच्या स्वराभोवती इतर अनेक स्वर फिरतात, आणि सवय नसलेल्या कानाला धावपळ तेवढी ऐकू येते. दुसऱ्या भागाच्या, मालिन्कोनियाच्या, अगदी शेवटी मात्र दोन्ही हात वर गेले. तिथे तीच धून संथ, उघडी, जवळजवळ एकटी येते.

म्हणून टिपणाने श्रोत्याला आधी मालिन्कोनियाच्या शेवटाकडे पाठवलं, आणि पहिल्या भागाबद्दल फक्त एवढं सांगितलं की ती धून तिथे होती, दडून. धून पहिल्यांदा कुठे येते यापेक्षा ती पहिल्यांदा स्वच्छ कुठे ऐकू येते हे टिपणाने सांगायचं. विश्लेषणाच्या निबंधात हा क्रम उलटा असेल. टिपणात असाच हवा.

नावं

इझाई हे नाव मसुद्यात तीन ठिकाणी तीन तऱ्हेने होतं: यसाये, इसाय, यिसे. फ्रेंच उच्चाराच्या सर्वांत जवळचं ‘इझाई’, तेच सगळीकडे केलं. नृत्यांच्या नावांत खरी अडचण बूरेची होती. ऱ्हस्व उकाराने ‘बुरे’ छापलं की वाचणाऱ्याला हिंदीतलं ‘वाईट’ दिसतं, आणि पालकांच्या रांगेत हशा पिकायला तेवढं पुरतं. दीर्घ ऊ ठेवला. भागांची यादी मूळ लिपीत आणि देवनागरीत अशी दोन्ही दिली, कारण मुलं घरी जाऊन हीच रचना शोधतात आणि शोधताना मूळ अक्षरंच लागतात.

यादी करताना भागांची संख्या हा आणखी एक खड्डा. पार्टितात भाग सहा की सात? मेन्युए दोन आहेत, पण वाजवताना पहिला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला असे एका दमात होतात. यादीत ते एका ओळीत लिहिले आणि बाजूला ‘शेवटी पहिला पुन्हा’ अशी नोंद केली. नाहीतर बोटांवर मोजणारा श्रोता पहिला मेन्युए परतल्यावर त्यालाच बूरे समजतो आणि पुढे शेवटपर्यंत एक घर चुकत जातो.

छापलेलं टिपण

यादी वगळून मराठी मजकूर शेवटी असा ठरला.

> योहान सेबास्टियन बाख: तिसरी पार्टिता, ई मेजर, बी.डब्ल्यू.व्ही. १००६
>
> बाखने एकल व्हायोलिनसाठी लिहिलेल्या सहा रचनांची त्याच्या हातची प्रत १७२० सालची आहे. त्यांतली ही शेवटची. साथीला कोणी नाही. ताल, सूर आणि त्यांना आधार देणारे खालचे स्वर, सगळं चार तारांवरच.
>
> प्रिल्यूडिओची पहिली ओळ कानात धरून ठेवा: वरचा सा, नि, सा, प, ग, प, मधला सा. ती आज पुन्हा भेटणार आहे, वेगळ्याच जागी. पुढे वादक एक तार खुली सोडून तोच स्वर शेजारच्या तारेवरही बोटाने दाबून काढते. स्वर एकच, पण रंग दोन, आणि ते इतक्या भरभर बदलतात की दोन व्हायोलिनं वाजत असल्याचा भास होतो.
>
> यानंतर नृत्यं. लूर संथ, टेकत टेकत चालणारा. गावोतला मुखडा आहे. सुरुवातीला तो दोनदा येतो, आणि मग प्रत्येक कडव्यानंतर, अभंगाच्या ध्रुपदासारखा, एकेकदा. कडवी चार. दोन मेन्युएंनंतर बूरे आणि जीग वेगाने निघून जातात.
>
> यूजेन इझाई: दुसरा सोनाटा, ए मायनर, ओपस २७ (१९२३)
>
> पहिली ओळ ओळखलीत? बाखचीच आहे. हा बेल्जियन वादक-रचनाकार ती हळूच सुरू करतो, थांबतो, आणि तिच्यावर तुटून पडतो. भागाचं नाव ‘ऑब्सेशन’: काही केल्या डोक्यातून न जाणारी गोष्ट.
>
> दुसरी एक धून इथे दडून बसली आहे. दिएस इरे, म्हणजे क्रोधाचा दिवस, हे मृतांसाठीच्या प्रार्थनेतलं जुनं गीत. कोमल ग, रे, कोमल ग, सा. रे, खालचा कोमल नि, सा, सा. पहिल्या भागात ती सापडली नाही तर काळजी नको. पहिल्या भागानंतर वादक व्हायोलिनच्या घोडीवर म्यूट बसवेल आणि आवाज दबका होईल. त्या दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी ही धून संथपणे, उघडी येते.
>
> तिसरा भाग छायांचं नृत्य. सुरुवात गजाने नाही, बोटांनी तारा छेडून. त्याच सुरावटीची एकामागून एक रूपं होतात आणि शेवटी ती मूळ रूपात परतते. चौथ्या भागाचं नाव ‘ले फ्यूरी’, सूड घेणाऱ्या देवता. मधूनच गज घोडीला अगदी खेटून फिरतो आणि स्वर काचेवर ओरखडा काढावा तसा येतो. तिथे कान द्या. जुनी धून आता तिथे आहे.

काय वगळलं

दोन चांगल्या गोष्टी वगळताना विद्यार्थिनी हळहळली. एक म्हणजे बाखने हा प्रिल्यूडिओ पुढे १७३१ मध्ये २९ व्या कांताटाच्या आरंभी ऑर्गन आणि वाद्यवृंदासाठी पुन्हा वापरला. दुसरी म्हणजे या पार्टितातला गावोत १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर अवकाशात गेला. दोन्ही खऱ्या, दोन्ही सांगण्यासारख्या. पण त्यांतून समोरच्या वादनात ऐकण्यासारखं काही हाती येत नाही. व्हॉयेजरची गोष्ट निवेदकाला दिली. दोन रचनांच्या मध्ये व्हायोलिन सुरात लावलं जात असताना काही बोलावं लागतंच, आणि तिथे ती शोभली. कांताटाची गोष्ट मात्र तिथेही नको होती. इझाईच्या आधी बाखच्या तुकड्याचं आणखी एक रूप मध्ये आणलं की गोंधळ वाढतो.

जाता जाता एक. इझाईचे हे सहा सोनाटे छापून प्रसिद्ध झाले ते साल १९२४, आणि त्याच वर्षी बेळगावजवळच्या सुळेभावीत कुमार गंधर्वांचा जन्म झाला. टिपणात हे वाक्य घालण्याचा मोह शिक्षकांनाच झाला होता. स्थानिक मंडळींना बरं वाटलं असतं, पण दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि टिपणात शेजारी ठेवल्या की संबंध आहे असंच वाचलं जातं. तेही गेलं.

टाळ्यांबद्दलची सूचनाही काढली. ‘कृपया भागांच्या मध्ये टाळ्या वाजवू नयेत’ हे वाक्य असतं तर ऐंशी जण शाळेत बसल्यासारखे बसले असते. ऑब्सेशनचा शेवट असा आहे की कोणी टाळ्या वाजवल्याच तर चुकलं असं म्हणता येत नाही. म्यूटचा उल्लेख मजकुरात ठेवला तो याही कारणाने. वादक घोडीशी काही करते आहे म्हणजे अजून पुढे आहे, हे पाहणाऱ्याला आपोआप कळतं. मालिन्कोनियाच्या शेवटी मात्र शांतता हवीच होती, आणि ‘अगदी शेवटी ही धून येते’ हे वाचलेला श्रोता तिथे कान टवकारून बसलेला असतो.

छपाई

ए-फोर कागद मधोमध दुमडून ए-फाइव्ह आकाराची चार पानं केली. पहिल्यावर नावं आणि भागांची यादी. दुसऱ्यावर बाख आणि तिसऱ्यावर इझाई, म्हणजे उघडल्यावर दोन्ही टिपणं समोरासमोर. त्यामुळे रचना चालू असताना पान उलटावं लागत नाही, आणि सोनाटाच्या वेळी बाखची ओळ पुन्हा पाहायची झाली तर नजर फक्त डावीकडे न्यायची. चौथ्या पानावर कन्नड मजकूर. तो मराठीचं शब्दशः भाषांतर नाही. यादी, प्रिल्यूडिओची सरगम, दिएस इरेची सरगम आणि म्यूटची खूण एवढंच, आणि ते कन्नड मातृभाषा असलेल्या संगीतशिक्षिकेकडून लिहून घेतलं. एकाच कागदावर दोन्ही भाषा ठेवल्या, वेगळे गठ्ठे केले नाहीत. दाराशी उभ्या असलेल्या मुलाने प्रत्येकाला ‘मराठी की कन्नड’ विचारत बसावं, हे या भागात कोणालाच नको असतं.

चकचकीत आर्ट पेपर छपाईवाल्याने सुचवला होता. तो दिव्याखाली चमकतो आणि हाताळला की कुरकुरतो, म्यूट लावलेल्या व्हायोलिनच्या वेळी तर फारच. साधा मॅप्लिथो घेतला. अक्षर बारा पॉइंट, कारण सभागृहातले दिवे मंद होणार होते आणि देवनागरीची जोडाक्षरं दहा पॉइंटात चष्मेवाल्यांना चिकटून दिसतात. प्रती नव्वद काढल्या.

पहिल्या प्रूफात ‘ऑब्सेशन’चं ‘आब्सेशन’ झालं होतं आणि ‘ऑर्गन’ असता तर त्याचंही झालं असतं. ज्या जुन्या फाँटात मजकूर बदलून घेतला जातो, तिथे ‘ऑ’ आणि ‘ॲ’ आधी जातात, त्यापाठोपाठ रफार. म्हणून प्रूफ वाचताना अर्थ लावत न वाचता फक्त ही तीन चिन्हं शोधत एकदा पूर्ण मजकूर पाहिला. ‘शार्प’सारखे शब्द मजकुरात मुळात येऊ दिले नव्हते, तरी रफार एका जागी सुटलाच होता: ‘पार्टिता’ची ‘पाटिता’.

शेवटची दुरुस्ती छपाईच्या आदल्या दिवशीची. विद्यार्थिनीने गावोतच्या सुरुवातीचं आवर्तन सोडायचं ठरवलं होतं, आणि तसं झालं असतं तर ‘सुरुवातीला तो दोनदा येतो’ हे वाक्य खोटं पडलं असतं. शिक्षकांनी तिला दोनच पर्याय दिले. एक तर आवर्तन घे, नाहीतर वाक्य बदल, पण आज रात्री आठपर्यंत सांग, उद्या सकाळी मजकूर खडेबाजारात छपाईला जाणार. तिने आवर्तन घेतलं.